व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआर पाठवून पैसे घेताना: रक्कम, ऑर्डर नंबर आणि स्क्रीनशॉटचा मेळ

मार्च ते मे या महिन्यांत कोल्हापुरातल्या कितीतरी घरांतून कांदा-लसूण मसाला बाहेरगावी जातो. संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची उन्हात वाळते, डंकावर कांडप होतं आणि पुण्या-मुंबईला गेलेल्या लेकी-सुनांचे, त्यांच्या शेजारणींचे मेसेज सुरू होतात: "ताई, यंदा दोन किलो ठेवा." ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर येते आणि पैसे यूपीआयने येतात. पैसे यायला सहसा अडचण नसते. आलेले पैसे कुणाचे आहेत, हे शोधताना मात्र डोकं पिकतं.

किलोभर मसाल्याचे ७६० आणि कुरिअरचे ९० असे ८५० रुपये सगळ्यांनाच सांगितलेले असतात. त्यामुळे संध्याकाळी खात्यात ८५० च्या चार नोंदी एकाखाली एक दिसतात. त्यात कोथरूडच्या काकूंचं नाव कुठंच नसतं, कारण पैसे त्यांच्या मुलाच्या खात्यातून आलेले असतात. डोंबिवलीच्या वहिनींनी पाठवलेला स्क्रीनशॉट तीनशे मेसेजांच्या वर गेलेला असतो. मग रात्री दहाला एकेकाला फोन करून "तुमचे पैसे आले का हो आमच्याकडं?" असं विचारावं लागतं. दुकानदारानं गिऱ्हाइकाला विचारायचा हा प्रश्नच नव्हे.

हे टाळायला क्यूआर पाठवण्याची पद्धत थोडी बदलावी लागते. काउंटरवरच्या स्टिकरचा फोटो काढून सगळ्यांना तोच पाठवला, तर त्यात फक्त तुमचा यूपीआय आयडी असतो. रक्कम गिऱ्हाईक हातानं टाकतं आणि ऑर्डरचा उल्लेख कुठंच राहत नाही. त्याऐवजी प्रत्येक ऑर्डरचा वेगळा क्यूआर करायचा, रक्कम आणि ऑर्डर नंबर आधीच त्यात घालायचा आणि सोबत नेमका मजकूर द्यायचा. ऐकायला काम मोठं वाटतं, पण एकदा तक्ता मांडला की एका ऑर्डरला मिनिटभर लागतं.

ऑर्डर नंबर आधी ठरवा

नंबर छोटा हवा आणि तो फक्त इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांचा हवा. मसाल्याच्या चालू हंगामासाठी `KM` धरलं, तर `KM041`, `KM042` असे नंबर पुरेसे आहेत. मध्ये मोकळी जागा, तिरकी रेघ, `#` किंवा `&` घालू नका. क्यूआरच्या पोटात एक ओळ असते आणि त्या ओळीत `&` चा अर्थ "इथं एक माहिती संपली, पुढची सुरू" असा होतो. "मसाला & चटणी" असं काही लिहिलंत, तर अ‍ॅप तिथंच गडबडतं आणि पुढचा मजकूर गळतो. गिऱ्हाइकाचं नाव किंवा फोन नंबरही त्यात नको. ते तुमच्या वहीत राहू दे, क्यूआरमध्ये फक्त नंबर जाऊ दे.

ऑर्डर पक्की झाली की लगेच नंबर द्या आणि तो गिऱ्हाइकाला सांगा. पैसे आल्यावर नंबर देण्यात अर्थ नाही, कारण ते पैसे कुणाचे हे ओळखण्यासाठीच तर तो आहे.

क्यूआरच्या आत काय असतं

यूपीआयचा कुठलाही क्यूआर उलगडला तर त्यात साध्या अक्षरांची ओळ निघते. ८५० रुपयांच्या KM041 या ऑर्डरसाठी ती अशी असेल:

```
upi://pay?pa=tumchaid@bank&pn=Masala&am=850.00&cu=INR&tn=KM041
```

`pa` म्हणजे पैसे ज्याला जायचे तो यूपीआय आयडी. इथं `tumchaid@bank` च्या जागी तुमचा खरा आयडी येईल. `pn` हे नाव, `am` ही रक्कम, `cu` हे चलन आणि `tn` ही टीप. `tn` मध्ये लिहिलेला ऑर्डर नंबर गिऱ्हाइकाला पैसे देण्याआधी पडद्यावर दिसतो आणि बहुतेक वेळा तुमच्या अ‍ॅपमधल्या नोंदीतही उतरतो.

इंटरनेटवर काही ठिकाणी ऑर्डर नंबरासाठी `tr` वापरायला सांगितलेलं आढळेल. तो रकाना व्यापारी खात्यांसाठी आहे. घरच्या बचत खात्याच्या आयडीला तो जोडला, तर काही अ‍ॅप व्यवहारच नाकारतात आणि कारणही धड सांगत नाहीत. घरगुती विक्रीला `tn` वरच भागवा. तुमच्याकडे दुकानाचा व्यापारी क्यूआर असेल, तर त्याची ओळ काढून हातानं रक्कम जोडण्याच्या फंदातही पडू नका. अशा काही क्यूआरमध्ये `sign` या नावानं सही असते आणि मजकूर बदलला की ती जुळत नाही. त्यांच्यासाठी त्याच कंपनीच्या व्यापारी अ‍ॅपमध्ये रक्कम घालून क्यूआर काढण्याची सोय आहे का ते बघा आणि असेल तर तीच वापरा.

`pn` मध्ये काय लिहावं यावर वेळ घालवू नका. ३० जून २०२५ पासून पैसे देण्याआधी अ‍ॅपनं बँकेत नोंदलेलं नावच दाखवायचं, असा यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयचा नियम आहे. तुम्ही "अंबाई मसाले" असं लिहिलं तरी गिऱ्हाइकाला खातेदाराचंच नाव दिसणार. याचा परिणाम संदेशाच्या मजकुरावर होतो. त्याकडे पुढे येतो.

तक्त्यातून क्यूआर काढणं

दिवसाला दोन-तीन ऑर्डरी असतील तर तक्त्याची गरज नाही. भीमसारख्या काही यूपीआय अ‍ॅपमध्ये स्वतःच्या क्यूआरवर रक्कम घालता येते, तेवढं पुरतं. हंगामात दहा-पंधरा ऑर्डरी यायला लागल्या की गूगल शीट बरं पडतं. पहिल्या रकान्यात ऑर्डर नंबर, दुसऱ्यात गिऱ्हाइकाचं नाव, तिसऱ्यात रक्कम ठेवा. चौथ्या रकान्यात, म्हणजे D2 मध्ये, हे सूत्र घाला:

```
="upi://pay?pa=tumchaid@bank&pn=Masala&am="&TEXT(C2,"0.00")&"&cu=INR&tn="&A2
```

आणि E2 मध्ये हे:

```
="https://quickchart.io/qr?size=400&text="&ENCODEURL(D2)
```

दुसऱ्या सूत्रातून एक दुवा तयार होतो. तो ब्राउझरमध्ये उघडला की क्यूआरचं चित्र येतं, ते दाबून धरून फोनमध्ये उतरवून घ्यायचं. दोन्ही सूत्रं खालपर्यंत ओढली की प्रत्येक ऑर्डरचा क्यूआर आपोआप तयार होतो. ही सेवा बाहेरची आहे, म्हणजे तुमचा यूपीआय आयडी आणि रक्कम तिच्याकडे जाते. आयडी तर आपण सगळ्यांना देतोच, त्यामुळं त्यात बिघडत नाही. पण याच कारणानं गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता त्या ओळीत घालायचा नाही असं वर म्हटलं.

आयडीत मोबाईल नंबर असेल (पुष्कळ अ‍ॅप तसाच आयडी देतात) आणि तो अनोळखी लोकांपर्यंत जायला नको असेल, तर अ‍ॅपमध्ये जाऊन नंबर नसलेला दुसरा आयडी करून घ्या.

चित्र पाठवण्याआधी त्यावर लिहा. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये फोटो निवडल्यावर अक्षरं लिहायची सोय असते, तिथं क्यूआरच्या खाली "KM041, ₹८५०" एवढं टाका. चित्राखालच्या ओळीत लिहिलं तर चालणार नाही का? चालेल, पण गिऱ्हाइकानं ते चित्र गॅलरीत ठेवलं किंवा नवऱ्याला पाठवलं की ती ओळ मागे राहू शकते. चित्रावर लिहिलेलं चित्रासोबत जातं. लिहिताना क्यूआरच्या चौकटीवर आणि तिच्याभोवतीच्या पांढऱ्या पट्ट्यावर काही येऊ देऊ नका. ती मोकळी जागा कॅमेऱ्याला क्यूआरची कड ओळखायला लागते. मध्यभागी देवीचा फोटो किंवा ब्रँडचं चिन्ह बसवायचा मोह तर आवराच.

सुरुवातीला एक रुपयाचा चाचणीचा क्यूआर करा, तो घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोननं वाचून बघा आणि त्यातून तो रुपया खरोखर पाठवा. नाव, रक्कम, टीप तिन्ही बरोबर दिसतात का आणि टीप तुमच्या नोंदीत कुठं दिसते, हे यातून कळतं.

एकाच फोनची अडचण

दुकानात गिऱ्हाईक स्वतःच्या फोननं तुमचा स्टिकर वाचतं. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र क्यूआर ज्या फोनवर येतो, पैसेही त्याच फोनवरून द्यायचे असतात. फोनचा कॅमेरा स्वतःच्याच पडद्याकडे बघू शकत नाही. तरुण मंडळी चटकन चित्र गॅलरीत उतरवतात, यूपीआय अ‍ॅपचा स्कॅनर उघडतात आणि तिथल्या गॅलरीच्या चिन्हावरून ते उचलतात. साठीच्या मावशींना हे कुणी सांगितलेलं नसतं. त्या क्यूआरवर बोट दाबत बसतात आणि मग "होत नाही गं" असा मेसेज येतो. म्हणून ही पायरी संदेशात लिहावीच लागते.

आणि गॅलरीतून उचललेल्या क्यूआरला २,००० रुपयांची मर्यादा आहे. कॅमेऱ्यानं वाचलेल्या क्यूआरला ती लागू होत नाही. दूरच्या माणसाला फसवा क्यूआर पाठवून मोठी रक्कम काढून घेता येऊ नये म्हणून हा अडसर आहे आणि घरगुती खात्याचा क्यूआर त्यात सापडतो. गिऱ्हाइकाला वाटतं तुमचा क्यूआर खराब आहे, तुम्हाला वाटतं त्यांचं नेट गेलंय. २,००० च्या वरची ऑर्डर असेल आणि "जास्तीत जास्त रक्कम ओलांडली" अशा अर्थाचा संदेश आला, तर कारण बहुधा हेच.

तीन किलो मसाल्याचे २,२८० आणि कुरिअरचे १५० मिळून २,४३० झाले, तर क्यूआरवर विसंबू नका. यूपीआय आयडी लिहून पाठवा आणि तो टाकून पैसे द्यायला सांगा. आयडी नेहमी वेगळ्या मेसेजमध्ये, एकटाच पाठवायचा. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज दाबून धरला की अख्खा मेसेज कॉपी होतो. आयडी लांब मजकुरात दडलेला असेल, तर गिऱ्हाइकाला तो निवडून काढता येत नाही आणि हातानं टाकताना एखादं अक्षर चुकतं. या मार्गात रक्कम आणि टीप गिऱ्हाइकाला स्वतः लिहावी लागते, तेव्हा ऑर्डर नंबर टीपेत टाकायची आठवण ठळक हवी. गिऱ्हाइकाकडे दुसरा फोन किंवा संगणक असेल, तर त्यावर व्हॉट्सअ‍ॅप उघडून पडद्यावरचा क्यूआर कॅमेऱ्यानं वाचणं हाही मार्ग आहे.

दोन भागांत पैसे द्या असं काही जण सांगतात. माझं मत विचाराल तर नको. एका ऑर्डरच्या दोन नोंदी, दोन स्क्रीनशॉट, आणि दुसरा भाग राहून गेला की मागायचं अवघड. नवीनच यूपीआय सुरू केलेल्या माणसाला पहिले २४ तास ५,००० रुपयांचीच मुभा असते, तीही लक्षात ठेवा. तिथं दुसऱ्या दिवशी पैसे घेणं बरं.

आपणच अ‍ॅपमधून पैशांची मागणी पाठवावी आणि गिऱ्हाइकानं फक्त मंजूर करावी, ही जुनी सोय आता घरगुती खात्यांना उरलेली नाही. व्यक्तीनं व्यक्तीकडे पैसे मागायची ती विनंती १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली.

सोबतचा मजकूर

मजकुरात पाच गोष्टी हव्यात: ऑर्डर नंबर, रक्कम कशाची, पडद्यावर कुणाचं नाव दिसेल, क्यूआर कसा वापरायचा आणि स्क्रीनशॉट कोणता हवा. नमुना असा:

> नमस्कार काकू, तुमची ऑर्डर KM041 पक्की केली आहे. कांदा-लसूण मसाला १ किलो ₹७६० + कुरिअर ₹९० = एकूण ₹८५०.
>
> वरचा क्यूआर याच ऑर्डरसाठी आहे. चित्र फोनमध्ये सेव्ह करा, तुमचं पैसे पाठवायचं अ‍ॅप उघडा, स्कॅनरमध्ये गॅलरीचं चिन्ह दाबून हे चित्र निवडा. रक्कम आणि KM041 आपोआप दिसेल. नाव मात्र सासूबाईंचं दिसेल, खातं त्यांच्या नावावर आहे: (इथं खातेदाराचं पूर्ण नाव). दुसरं नाव दिसलं तर पैसे न पाठवता मला फोन करा.
>
> पैसे गेल्यावर व्यवहाराचा तपशील उघडून स्क्रीनशॉट पाठवा, त्यात १२ अंकी नंबर दिसू द्या. पैसे खात्यात दिसले की मी "मिळाले" असं कळवते, पार्सल त्यानंतर निघेल. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवरून पैसे पाठवलेत तरी चालेल, तसं सांगा फक्त.

नावाची ओळ वगळू नका. सुनेशी बोलणं झालेलं आणि पडद्यावर सासूबाईंचं नाव आलं, तर सावध गिऱ्हाईक थबकतं आणि ते बरोबरच आहे. "पार्सल त्यानंतर निघेल" हे आधीच लिहिलं की स्क्रीनशॉट पाठवून लगेच "निघालं का?" असं विचारणाऱ्याला पुन्हा समजवावं लागत नाही. शेवटचं वाक्यही कामाचं आहे, कारण पैसे देणारा आणि ऑर्डर देणारा वेगळा असणं हे आपल्याकडे अगदी नेहमीचं.

जुना क्यूआर पुन्हा वापरला जाणं ही एक वेगळी डोकेदुखी. अशा साध्या क्यूआरची मुदत संपत नाही. एप्रिलमध्ये मसाला घेतलेल्या काकू मे महिन्यात चटणी मागवतात आणि गॅलरीतला जुनाच क्यूआर उचलतात. मग ८५० रुपये आणि KM041 ही जुनीच टीप घेऊन पैसे येतात. म्हणून नवीन ऑर्डरीच्या संदेशात "मागचा क्यूआर काढून टाका, हा नवीन वापरा" हे एक वाक्य जोडा.

स्क्रीनशॉट कशासाठी

स्क्रीनशॉट म्हणजे पैसे आल्याचा पुरावा नव्हे. हुबेहूब यशस्वी व्यवहाराचा पडदा दाखवणारी खोटी अ‍ॅप असतात, जुन्या चित्रावर तारीख-रक्कम बदलणं तर त्याहून सोपं. चित्राकडे निरखून खरं-खोटं ठरवायला बसलात तर एक ना एक दिवस फसाल. बँकेकडून आल्यासारखा दिसणारा एसएमएसही कुणी बनवून पाठवू शकतं. पैसे आले का, हे फक्त तुमच्या खात्यातली नोंद सांगते.

मग मागायचा कशाला? कारण खात्यातली कोणती नोंद कोणत्या ऑर्डरची, हे स्क्रीनशॉटवरून चटकन जुळतं. त्यातली मोलाची गोष्ट १२ अंकी नंबर ही आहे. फोनपेवर तो `UTR` या नावानं दिसतो, गूगल पेवर `UPI transaction ID` म्हणून. अ‍ॅपचा स्वतःचा आणखी एक लांबलचक नंबर असतो, बऱ्याचदा अक्षरं मिसळलेला. तो तुमच्या बाजूला दिसत नाही, त्यामुळे उपयोगाचा नाही. १२ अंकी नंबर मात्र देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या दोन्ही नोंदींत तोच असतो, बँकेच्या पासबुकातल्या ओळीतही सापडतो.

म्हणून हिरव्या टिकमार्कचा मोठा पडदा नको, त्यानंतर उघडणारा तपशिलाचा पडदा हवा. हिरव्या पडद्यावर पुष्कळदा हा नंबर नसतोच. काहींना तपशील उघडता येत नाही. त्यांना "नंबरचे शेवटचे सहा आकडे लिहून पाठवा" म्हणा, तेवढ्यानं भागतं. कुणी खात्यातली शिल्लक दिसणारा पडदा पाठवला तर तो पुसून टाका आणि तसं त्यांना सांगा.

चार नोंदींचा संध्याकाळचा मेळ

आता ती वरची संध्याकाळ पुन्हा घ्या. शीटमध्ये KM041 ते KM044 अशा चार ऑर्डरी, सगळ्या ८५० च्या. शीटमध्ये आणखी दोन रकाने ठेवलेत: स्क्रीनशॉटमधल्या नंबरचे शेवटचे सहा आकडे आणि "खात्यात दिसले". स्क्रीनशॉट आला की पहिला रकाना लगेच भरायचा. दुसरा रकाना अ‍ॅपमधली किंवा बँकेतली नोंद स्वतः बघितल्यावरच.

पहिल्या नोंदीत KM042 ही टीप स्पष्ट दिसते, डोंबिवलीच्या वहिनी झाल्या. दुसऱ्या नोंदीत टीप आहे KM041, नाव कुणा पुरुषाचं. शीटमध्ये KM041 कोथरूडच्या काकूंच्या नावावर आहे आणि त्यांनी "मुलाच्या फोनवरून पाठवले" असं लिहिलंय, जुळलं. तिसऱ्या नोंदीत टीपच नाही, कारण गिऱ्हाइकानं क्यूआरऐवजी आयडी टाकला आणि टीप विसरली. इथं सहा आकडे कामाला येतात: नोंद उघडून नंबर बघायचा, तो KM044 समोर लिहिलेल्या आकड्यांशी जुळतो.

राहिली KM043. तिचा स्क्रीनशॉट आलाय, "यशस्वी" असं लिहिलंय, सहा आकडेही शीटमध्ये आहेत. चौथी नोंद मात्र उघडून बघितली तर तिचा नंबर वेगळाच आहे आणि टीप मागच्या महिन्यातली. म्हणजे ती जुना क्यूआर वापरणाऱ्या कुणाची तरी आहे आणि KM043 चे पैसे अजून आलेले नाहीत. नुसत्या रकमा मोजल्या असत्या तर चार ऑर्डरी, चार नोंदी, हिशेब जुळला म्हणून पार्सल गेलं असतं.

टीप गळायची भीती फार वाटत असेल तर एक युक्ती आहे. रकमेत ऑर्डर नंबरचे पैसे मिसळायचे: KM041 ला ८५०.४१, KM042 ला ८५०.४२. टीप न दिसणाऱ्या बँकेच्या पासबुकातही रक्कम पूर्ण छापली जाते, त्यामुळे नोंद लगेच ओळखू येते. पण नव्या गिऱ्हाइकाला हे विचित्र वाटतं आणि आयडी टाकून पैसे देणारा पैसे वगळून ८५० च पाठवतो. रोजच्या ऑर्डरी वीसच्या पुढे गेल्याशिवाय मी हे सुचवणार नाही.

KM043 चं काय करायचं

आधी संशय घेऊ नका. त्यांच्या अ‍ॅपमध्ये आत्ता काय दिसतंय ते विचारा: यशस्वी, प्रलंबित की अयशस्वी. व्यवहार कधी कधी मध्येच अडकतो, त्यांच्या खात्यातून पैसे वजा होतात आणि तुमच्याकडे जमा होत नाहीत. अशा वेळी "पुन्हा पाठवा" असं चुकूनही म्हणू नका, नाहीतर दोन्ही जमा होतात आणि परतीचं काम वाढतं. "थांबा, उद्यापर्यंत एकतर माझ्याकडे येतील किंवा तुमच्याकडे परत जातील" एवढंच सांगा. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे व्यक्तीकडून व्यक्तीला पाठवलेले आणि जमा न झालेले पैसे व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत जायला हवेत. व्यापारी क्यूआरवर दिलेल्या पैशांसाठी ही मुदत पाच दिवसांची आहे. मुदत टळली तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा हक्क आहे आणि तक्रार पैसे पाठवणाऱ्यानं स्वतःच्या अ‍ॅपमधून किंवा बँकेत करायची असते. तुम्ही १२ अंकी नंबर त्यांना परत पाठवून मदत करू शकता.

गिऱ्हाईक अ‍ॅपची ताजी स्थिती दाखवायला टाळाटाळ करत असेल, "स्क्रीनशॉट पाठवलाय ना, पार्सल आजच टाका, माणूस उद्या परदेशी जाणार" अशी घाई करत असेल, तर पार्सल घरीच राहू द्या. घाई खरी असली तरी खात्यात नोंद नाही म्हणजे विक्री झालेली नाही.

दुसरा प्रकार उलटा असतो. "चुकून ८,५०० गेले ताई, ७,६५० परत करा" असा फोन येतो, सोबत स्क्रीनशॉटही. खात्यात ८,५०० खरंच आलेत का ते आधी बघा. आले असतील तर ज्या खात्यातून आले तिथंच, अ‍ॅपमधली तीच नोंद उघडून परत पाठवा. त्यांनी दिलेल्या वेगळ्या नंबरवर किंवा त्यांनी पाठवलेल्या क्यूआरवर नाही. "हा क्यूआर स्कॅन करा, पैसे तुमच्या खात्यात जमा होतील" असं कुणी म्हणालं की बोलणं तिथंच थांबवा. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा आणि `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवा. पहिल्या काही तासांत कळवलं तर पुढच्या खात्यात पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

मेळ झाला की प्रत्येकाला त्यांच्या ऑर्डर नंबरासकट एक ओळ पाठवा: "KM041 चे ₹८५० मिळाले, पार्सल उद्या दुपारी निघेल." पार्सलवरच्या चिठ्ठीवरही तोच नंबर लिहा. हंगाम संपल्यावर स्क्रीनशॉट फोनमधून काढून टाका, त्यात लोकांची नावं आणि खात्यांचे शेवटचे आकडे असतात. शीट मात्र ठेवा, पुढच्या मार्चमध्ये कुणी किती किलो नेला होता ते त्यातच सापडेल.